वाढत्या अंगाचा फ्रॉक

अकोल्याच्या जठारपेठेत नत्थुजी गावंडे यांचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे शिलाई मशीन आणि मशीनवर स्वतः नत्थुजी. वय एकसष्ट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि अंगात असा ढगळ सदरा की उजवा खांदा सारखा घसरतो आणि डावा हात सारखा तो वर ओढतो. बोलताना ओढतो, जेवताना ओढतो, तिरडीमागे चालतानाही ओढतो. अख्ख्या शहराच्या पोरांना ज्यानं कपडे शिवले त्याच्याच अंगावर हे ध्यान का, असं कोणी विचारलं की नत्थुजी म्हणायचे, "कपडा कसा, वाढत्या अंगाचा पायजे." एकसष्टाव्या वर्षी त्यांचं अंग कुठे वाढणार होतं ते त्यांनाच ठाऊक.

वाढत्या अंगाचा कपडा हा त्यांचा धर्मच होता. सहा वर्षांच्या पोरीचं माप घ्यायचं आणि फ्रॉक आठ वर्षांचा बेतायचा. आया खूश, कारण एका फ्रॉकमध्ये दोन दिवाळ्या निघायच्या. चाळीस वर्षांत नत्थुजींच्या हातचा एक कपडा दुकानात परत आला नव्हता, आणि ही गोष्ट ते दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवत.

मग सून पौर्णिमा आली. ती अमरावतीची, कॉमर्स शिकलेली, आणि नवरा शिवम नोकरीनिमित्त अमरावतीलाच राहत असल्यामुळे आठवड्यातले पाच दिवस तिच्या डोक्याला मोकळीक. तिनं दुकानातला माल एका कंपनीमार्फत ऑनलाइन विकायला लावला. पहिल्या वर्षी पार्सलं नागपूर-पुण्यालाच काय, पार कोईम्बतूरला गेली. नत्थुजी जठारपेठेभर छाती काढून फिरले, खांदा ओढत.

दुसऱ्या वर्षी पार्सलं परत यायला लागली.

सुरुवातीला नत्थुजींना वाटलं, पत्ता चुकला असेल. मग एके दिवशी पौर्णिमा मोबाइल घेऊन मशीनपाशी आली. "मामाजी, कंपनीचं पत्र आलं. फुलांचा फ्रॉक फार परत येऊन राहिला. पुढच्या चाळीस दिवसांत शंभर विकले तं दहाच्या आत परत आले पायजेत. नाई तं फ्रॉक विक्रीतून काढून टाकतो म्हणे."

"काढू दे! दुसरं विकू."

"दुसरं काय विकू? शाळेचे शर्ट सुरतेहून तयार येतात, पिवळा फ्रॉकबी तयारच येते, परकर-पोलकं बाहेर शिवून येते. तुमच्या हातचा असा हा एकच तं फ्रॉक हाय."

नत्थुजींचा पाय मशीनवर थांबला. दुकानात हल्ली शिवून घ्यायला येतं कोण? महिन्याला चार गिऱ्हाइकं. फुलांचा फ्रॉक गेला की मशीनवर चादर पडणार आणि नत्थुजी बाहेर खुर्चीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्यांना 'काय म्हणता' विचारणार. मोतीराम शिंपी असाच बसला होता आणि सहा महिन्यांत पार म्हातारा दिसायला लागला होता.

"लोकच बदमाश हायेत," नत्थुजी म्हणाले. "लग्नाले घालतात अन् दुसऱ्या दिवशी वापस धाडतात."

"एखादा असंन तसा. पन सगळे नाई. कारन पाहू ना."

तिनं टेबलावर मोठा कागद पसरला. परत पाठवताना गिऱ्हाइकाला कारण निवडावं लागतं आणि वाटलं तर दोन शब्द लिहिताही येतात. पौर्णिमानं सहा महिन्यांच्या परतीची कारणं मालाप्रमाणे वेगवेगळी मांडली. नत्थुजींनी चष्मा वर सरकवला, कागदावरून बोट फिरवलं आणि ते विजयी मुद्रेनं ओरडले, "हे पाय! पांढरे शर्ट छत्तीस वापस आले, अन् माहे फ्रॉक एकतीस. पहिले थे शर्ट बंद कर!"

"मामाजी, शर्ट विकले सहाशे. सहाशेंत छत्तीस, म्हंजे शंभराले सहा. फ्रॉक विकले नव्वद. नव्वदात एकतीस, म्हंजे शंभराले चौतीस."

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी नेण्याचा नत्थुजींचा बेत असा जागीच फसला. शिवाय शर्टांची कारणं पांगलेली होती, कोणाला लहान, कोणाला मोठा, कोणाची पोरं शाळाच बदलून गेलेली. तिथं पकडायला शेपूटच नव्हतं.

पिवळ्या फ्रॉकला मात्र होतं. सत्तर विकले, चौदा परत, आणि चौदापैकी अकरा जणांनी कारण दिलं होतं, 'वस्तू कमी आली'. एकीनं खाली लिहिलं होतं, 'पर्स कुठे आहे? मुलगी दोन दिवस रडते आहे.'

"कोनती पर्स?" नत्थुजींनी विचारलं.

पौर्णिमानं फोटो दाखवला. शेजारची नऊ वर्षांची प्रतीक्षा पिवळा फ्रॉक घालून ऐटीत उभी, आणि खांद्याला लाल चमकीची पर्स. पर्स तिची स्वतःची, रिद्धपूरच्या जत्रेतली. फोटोच्या वेळी ती काढायला सांगितली तेव्हा प्रतीक्षानं भोकाड पसरलं होतं आणि नत्थुजींनीच 'राहू दे लेकराची' म्हणून निकाल दिला होता. अकरा घरांतल्या पोरींना त्या एका लेकराच्या हौसेपायी रडावं लागलं.

लाल परकर-पोलक्याला 'खराब दर्जा' होतं. पण गंमत अशी की दिवाळीपूर्वी गेलेल्यांपैकी एकही परत नव्हतं आणि दिवाळीनंतरच्या कापडातली बारा आली होती. हे नवं कापड अमरावतीच्या वामनरावांचं, म्हणजे नत्थुजींच्या बालमित्राचं.

"वामन्याचा रंग जात नसते," नत्थुजी म्हणाले. "पन्नास वर्षांची दोस्ती हाय."

"दोस्ती पक्की असंन मामाजी. रंगाचं पाहू."

जुन्या कापडाचा एक तुकडा, नव्याचा एक, आणि ओल्या पांढऱ्या फडक्यानं दोन्ही घासायचे, एवढीच परीक्षा. फडकं सापडेना, तर नत्थुजींनी तावातावानं आपल्या धोतराचा सोगाच पुढे केला. जुन्या कापडानं काही झालं नाही. नव्यानं धोतर असं गुलाबी झालं की त्यांची बायको जमुना स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "हे काय? धुळवड तं मागंच झाली!"

नत्थुजींनी वामनरावांना फोन लावला. पाच मिनिटं दोघांच्या नातवंडांची चौकशी झाली, मग आवाज चढला, मग पुन्हा उतरला. वामनरावांनी लाल कापड परत घ्यायचं कबूल केलं. फोन ठेवून नत्थुजी पुटपुटले, "तोबी कोनाच्या भरवशावर घेते लेकाचा."

उरला फुलांचा फ्रॉक. एकतीसपैकी चोवीस जणींनी 'साइज मोठी' म्हटलं होतं. बाकीच्यांची कारणं निराळी होती, पण दोघींनी 'फोटोपेक्षा वेगळं' हे कारण निवडून खाली लिहिलं होतं ते मोठेपणाचंच. एकीनं लिहिलं होतं, 'यात माझ्या दोन मुली मावतील.'

"मंग मावू दे की! फायदाच हाय," नत्थुजी म्हणाले, पण आवाज जरा खालचा होता.

पौर्णिमानं परत आलेला फ्रॉक टेबलावर सपाट पसरला आणि टेप काढला. ऑनलाइन दिलेल्या मापांच्या तक्त्यात सहा वर्षांसाठी छाती चोवीस इंच. फ्रॉक निघाला सत्तावीस. दुसरा मोजला, सत्तावीस. आठ वर्षांचा मोजला, तोही तक्त्याहून तीन इंच मोठा. चूक अशी एकसारखी, नेमकी की तिला चूक म्हणायची लाज वाटावी.

"याच्याबी फोटोत सहा वर्षांचा फ्रॉक हाय," पौर्णिमा हळूच म्हणाली. "घातला कोनं? नऊ वर्षांच्या प्रतीक्षानं. अन् बसला कसा, एकदम टकाटक."

"अव, पन आयाईले तसाच आवडते ना! चाळीस वर्सं झाली."

"आपल्या दुकानात आई उभी राहून पाहते, तुमी समजावून सांगता. कोईम्बतूरच्या बाईले कोन समजावून सांगन? थे तक्ता पाहून पैसे भरते."

नत्थुजी रागानं उठले, पण जायला जागा नव्हती म्हणून दारापर्यंत जाऊन परत आले. प्रतीक्षाची धाकटी बहीण माधवी, वय वर्षं सहा, दारात खेळत होती. अंगावर नत्थुजींनीच शिवलेला फ्रॉक. पोरगी एका हातानं बाहुली धरत होती आणि दुसऱ्या हातानं खांदा वर ओढत होती. ओढला की घसरत होता. बाहुली ठेवायची, खांदा ओढायचा, बाहुली उचलायची.

नत्थुजी बघत राहिले. मग त्यांचा स्वतःचा डावा हात उजव्या खांद्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

त्यांना आठवला तो पहिलीतला सदरा. बापानं शिवलेला, वाढत्या अंगाचा. बाह्या बोटांच्या खाली लोंबायच्या, वर्गातली पोट्टी 'बुजगावणं' म्हणायची. चौथीत गेल्यावर सदरा अंगाला बरोबर बसला, आणि त्याच पोळ्याला पाठीत टरकन फाटला. पुढचा पुन्हा मोठा. आपल्या मापाचा कपडा बालपणी नत्थुजींना चार दिवससुद्धा मिळाला नव्हता, आणि खांदा वर ओढायची खोड मात्र अंगात बसून राहिली ती राहिलीच. चाळीस वर्षं ते आयांना विचारत आले होते. पोरांना काय वाटतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"माधवी, इकडे ये वं माय," ते म्हणाले. "माप घेऊ."

त्या आठवड्यात नत्थुजींनी शिल्लक असलेले चाळीस फ्रॉक उसवले आणि पुढचे नवेही तशाच मापानं बेतले. पण कात्री चालवून कापड फेकून देतील तर ते नत्थुजी कसले! बाहेरून सहा वर्षांचा फ्रॉक चोवीसच्या चोवीस. जादा कापड बाजूच्या शिवणीत आत दुमडलेलं, खालच्या घेराला दोन इंचांची पट्टी, आणि त्यावर अशी लांब टीप की पुढच्या वर्षी आईनं घरीच सुईच्या टोकानं उसवावी. पौर्णिमानं नवे फोटो काढले. पर्स या वेळी घरी राहिली. फुलांच्या फ्रॉकमध्ये सहा वर्षांची माधवी उभी, आणि शेजारी उलटा केलेला फ्रॉक, आतली टीप दाखवणारा. खाली माप कसं घ्यायचं ते लिहिलं: मुलीला नीट बसणारा फ्रॉक सपाट पसरा, काखेखाली मोजा, दुप्पट करा.

मग चाळीस दिवस मोजणं सुरू झालं. पार्सलवाल्याची मोटारसायकल वाजली की नत्थुजी मशीन सोडून दाराआड जाऊन उभे राहायचे. जमुना म्हणायची, "पोराच्या निकालाले एवढे घाबरले नव्हते!" एकदा पार्सलवाल्यानं परतीचं पार्सल दिलं तेव्हा नत्थुजींनी भिंतीकडे तोंड करून विचारलं, "फ्रॉक हाय?" पांढरा शर्ट होता. नत्थुजींनी त्या पार्सलवाल्याला चहा पाजला.

चाळिसाव्या दिवशी पौर्णिमानं हिशोब वाचला. फ्रॉक गेले अठ्ठावन्न, परत आले चार. म्हणजे शंभराला सात. फ्रॉक राहिला.

नत्थुजींनी ठेवणीतलं पांढरं पॉपलिन काढलं आणि टेप पौर्णिमाच्या हातात दिला. "घे माप. बरोबर घेजो. वाढवू नको."

दोन दिवसांनी नवा सदरा अंगात घालून ते दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. समोरून जाणाऱ्या रामराव मास्तरांनी हाक मारली, "काय नत्थुजी, आज ओळखू नाई आले!" उत्तर देताना सवयीनं नत्थुजींचा डावा हात उजव्या खांद्याकडे गेला. शिवण जागच्या जागी होती. ओढायला काही नव्हतं. हाताचं काय करावं ते क्षणभर त्यांना कळेना, मग तो त्यांनी तसाच खांद्यावर राहू दिला.