चौथं दुकान

शुक्रवार पेठेतल्या साडीच्या दुकानात गिऱ्हाईक कमी झालं, तेव्हा सासरे शिवयोगी म्हणाले, "शेजारचे तिघं दुकानदार भाव पाडतायत." दीर मल्लिनाथनं लगेच मान डोलावली. सून अक्षता हिशेब बघायची. तिला हे पटेना.

"मामंजी, आधी बघूया तरी."

तिघंही तिला ओळखायचे. म्हणून तिनं मैत्रीण चंद्रिका आणि चंद्रिकाची आई गुरम्मा यांना पाठवलं. चंद्रिका भारी ड्रेस घालून, गुरम्मा वळसंग गावाहून आली तशीच, शेतातल्या लुगड्यात. दोघींनी वेगवेगळ्या वेळी जायचं, एकाच कंपनीची, एकाच नंबरची साडी मागायची, रंग बदलून मिळेल का हे विचारायचं, आणि बाहेर पडल्यावरच लिहायचं. एखाद्या सेल्समनचा दिवस वाईट असेल, म्हणून आठवड्यानं पुन्हा जायचं.

पहिल्या दोघांचे भाव अक्षताच्या दुकानाइतकेच निघाले. एकानं गुरम्माला पाणी दिलं. दुसऱ्यानं चिठ्ठीवरचा भाव सांगितला आणि साडी बदलून देतो असं बिलावर लिहून देईन म्हणाला. तिसऱ्यानं मात्र तीच साडी चंद्रिकाला त्याच भावात आणि गुरम्माला महाग सांगितली, दोन्ही वेळेला.

अक्षता भडकली. "म्हातारीला लुटतात! पेठेत सगळ्यांना सांगते."

"थांब की पोरी," गुरम्मा म्हणाली. "तुमच्या बी दुकानात गेलते आमी. चंद्रिकाच म्हणाली, चौथं बी बघू."

"मग?"

"तुझा दीर आमाला वळखत न्हाय. मला बघून गादीवरनं उठला बी न्हाय. म्हणाला, तुला परवडायच्या साड्या दाराशी हायत, आत गालिचा मळतोय. आनि भाव? तिसऱ्यापेक्षा जास्त. चंद्रिकाला मात्र चहा पाजला." म्हातारीनं पदराची गाठ दाखवली. "पैसे होते माज्याकडं. थोरल्या लेकीच्या लग्नात तुमच्याकडनंच बस्ता बांधला होता."

अक्षता तशीच दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतंच.

"भावजी, तुम्ही माणसाचं लुगडं बघून भाव सांगता?"

"धंद्यात चालतं वहिनी. सगळेच करतात."

"सगळे नाही करत. मी बघून घेतलंय. तिघांतला एकच करतो, आणि तुम्ही त्याच्याही पुढं गेलात!"

शिवयोगी मध्ये पडले, "सूनबाई, आवाज खाली."

"नाही करणार. आपण भावात नाही हरलो, मामंजी. आपण माणसं हाकलली, आणि दोष शेजाऱ्यांना देत बसलो."

शिवयोगी मल्लिनाथकडे वळले. म्हणाले, "ऊठ गादीवरनं."

त्या आठवड्यात अक्षतानं प्रत्येक साडीवर एकच भाव छापला आणि गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला. मल्लिनाथ तिच्याशी बोलेनासा झाला. तिलाही बोलायचं नव्हतं.

शिवयोगी स्वतः गुरम्माची माफी मागायला वळसंगला गेले. तिनं चहा दिला, पण पुढं नातीच्या लग्नाचा बस्ता त्या बिलावर लिहून देणाऱ्या दुसऱ्या दुकानदाराकडेच बांधला.