महिन्यात दोनदा बाजूला बसणारी सून

१९८६ साली मी बावन्न वर्षांचा होतो. लातूर जिल्हा नवा होता आणि पाऊस नव्हता. अहमदपूरकडच्या आमच्या गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या. टँकर यायचा, त्यावर बाया भांडायच्या, आणि आमच्या घरातून घागर घेऊन माझी बायको, आमची म्हातारी, पळायची. कारण सून बाजूला बसलेली असायची.

आमच्यात बाई बाजूला बसली की चार दिवस पाण्याला शिवत नाही, चुलीपुढं जात नाही, नवऱ्याजवळ निजत नाही. ही रीत मी काढलेली नाही. पण बाकीच्या बाया महिन्यात एकदा बसायच्या, आमची सून दोनदा. मधल्या वेळेला नुसता डाग दिसायचा, कुशीत दुखतंय म्हणायची, अन् म्हातारी तिला पडवीत बसवायची. डाग म्हणजे डाग, म्हातारीला दुसरं ठाऊक नव्हतं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी पोर नाही. टँकरवर बाया म्हणायच्या, "तुमची राणी बसली का पुन्हा?" मला तोंड वर करता येईना.

मी ठरवलं, हिला माघारी लावायची. पण नुसती सोडली तर तिचा बाप, आमचा याही, चार माणसं घेऊन दारात येईल. डॉक्टरनं हिच्यात खोट आहे म्हणून एकदा सांगितलं की त्याचं तोंड बंद. म्हणून मी, म्हातारी अन् सून असं तिघं एसटीनं लातूरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. आपल्याला कशाला नेतात, ते सुनेला समजलं होतं.

डॉक्टर बाई होती, माझ्या पोरीच्या वयाची. मी आत शिरलो तर म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा."

"मी सासरा हाय तिचा."

"म्हणूनच बाहेर बसा."

मी दाराला टेकून उभा राहिलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"दुखतं कुठं?"

"कवा उजवीकडं, कवा डावीकडं," सून म्हणाली. "एखादा दिवस. मग जरासा डाग, अन् राहतंय."

"पाळी आल्यावर?"

"न्हाई. दोन पाळ्यांच्या मधी."

"ताप? घाण वास? नवरा जवळ आल्यावर रक्त जातं?"

"न्हाई बाई."

पडद्यामागं तपासणी झाली. मग बाईनं मला अन् म्हातारीला आत बोलावलं, पण बोलली सुनेशीच. "बाईच्या पोटात महिन्याला एक बीज सुटतं, पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. तेव्हा कोणाकोणाच्या एका कुशीत दुखतं, कपड्याला थोडा डाग लागतो. ही पाळी नाही आणि आजारही नाही. तपासणीत मला वावगं काही दिसलं नाही."

"मग दवाखाना कशाला मांडलाय?" मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "डाग वाढला, दिवसेंदिवस राहिला, दुखणं थांबेना, ताप आला, नाहीतर नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त आलं, तर तपासायला यायचं. पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, तर त्याच क्षणी निघायचं. कोणाला विचारत बसायचं नाही." मग म्हातारीकडं वळली. "पाळी कायमची गेल्यावर डाग दिसला तर तुम्हीही यायचं, आजी."

"पोर का होईना मग?" मी आडवा झालो.

"मधल्या डागाला तिला कुठं झोपवता?"

"पडवीत," म्हातारी म्हणाली. "चार दिस."

"दिवस राहायचे तर त्याच सुमाराला राहतात. नेमकी तेव्हाच तुम्ही तिला नवऱ्यापासून तोडता. एवढ्यानंच अडलंय असं मी म्हणत नाही. मुलालाही तपासायला पाठवा."

"माझ्या पोराला काय धाड भरलीय?"

"हिला तरी कुठं भरलीय? तिला तुम्ही आणलंतच की."

बाहेर बाकावरच्या बाया हसल्या. माझ्या अंगाची लाही झाली. वाफसा आल्यावर, पेरायच्या ऐन वेळेला, तिफण घरात ठेवायची अन् उगवलं नाही म्हणून रानाला शिव्या द्यायच्या, असलं काहीतरी डोक्यात आलं, पण त्या बाईपुढं मी ते बोललो नाही. बोलणारही नव्हतो.

एसटीत म्हातारी पुटपुटली, "अवो, मग याह्याला काय सांगायचं?"

"गप बस."

सून खिडकीकडं तोंड करून बसली होती. पदर तोंडात धरून ती हसत होती का रडत होती, मी बघायला गेलो नाही. रात्री पडवीत ती आपली वाकळ घेऊन निजली, कारण डाग अजून होता आणि तिला कोणी उठ म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरचा भोंगा वाजला. म्हातारीनं घागर उचलली, ती मी तिच्या हातातनं काढून घेतली आणि पडवीत सुनेपुढं आदळली.

"ऊठ. पाणी आण."

"मामा, माझं अजून…"

"मला ऐकू येतंय. ऊठ."

ती घागर भरून आली तेव्हा गल्लीतल्या बाया ओट्यावर उभ्या होत्या, म्हातारी उंबऱ्यात वाट अडवून. मी तांब्या पुढं केला. तिनं ओतलं. सगळ्यांच्या देखत मी तो घटाघटा प्यालो, अन् पोराला हाक मारली, "पडवीतलं अंथरूण उचल, आत टाक."