डॉक्टरांच्या गाडीतली ऊब

लष्करी कॅम्पातल्या गॅरेजात मी सात वर्षं मिस्त्री होतो. लढाईच्या दिवसांत मालकांनी बोरगावचा एक पोरसवदा मिस्त्री ठेवला. मला तो अण्णा म्हणायचा, पण गिऱ्हाइकं त्यालाच हाका मारायला लागली होती.

त्या हिवाळ्यात मिलिटरीच्या गोऱ्या डॉक्टरांची अमेरिकन गाडी आली. आत हीटर होता. सकाळी धुक्यात निघालं की मैलोगणती पाय गार, आणि नंतरही हीटरमधून जेमतेम कोमट वारा. मी हीटरची जाळी दोनदा धुतली, नळ्या बदलल्या. फरक शून्य. तिसऱ्यांदा गाडी परत आली, तेव्हा मालकांनी ती त्या पोराकडे दिली.

त्यानं जाळीला हातच लावला नाही. गार इंजिन चालू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या नळीवर तळवा ठेवून उभा राहिला.

"अण्णा, हात लावून बघा. इंजिन तापायच्या आदीच नळी कोमट व्हायली."

"मग?"

"इंजिन तापस्तोवर वाल बंद पायजे न्हवं? ह्यो उघडाच ऱ्हायलाय. पानी सारखं रेडिएटरात जाऊन गार हुतंय. हीटरला ऊन पानी येनार कुठनं?"

त्यानं थर्मोस्टॅट, म्हणजे तोच वाल, काढला. हातात गारढोण, तरी तोंड उघडं. फटीत गंजाची खपली अडकली होती. ती काढून, वाल धुऊन त्यानं पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि पातेलं स्टोव्हवर ठेवलं. गार पाण्यात तोंड मिटलेलं होतं. पाणी चांगलं तापल्यावर हळूहळू उघडलं. मी बघत होतो आणि हे मला का सुचलं नाही म्हणून जळत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदगडच्या रस्त्याला गाडी काढली. तो चालवत होता, शेजारी मी. हीटर गरम होऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. दोन-तीन मैलांतच पायांना चांगली ऊब लागली. मी पाय आखडून घेतले.

दुपारी डॉक्टर आले, चक्कर मारून खूष होऊन उतरले. कुणी दुरुस्त केली, मालकांसमोरच विचारलं. तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "आम्ही दोघांनी."

डॉक्टरांनी आधी त्याचा काळा झालेला हात हातात घेतला, मग माझा. माझा स्वच्छ होता. ते त्यांना दिसलं असावं. मी मात्र "नाही" म्हणालो नाही. डॉक्टर गेल्यावर तो हसत म्हणाला, "चला अण्णा, च्या पिऊ." त्यानं मला चांगुलपणानं वाटा दिला होता आणि त्याचाच मला जास्त राग आला. काम आहे सांगून मी आत गेलो आणि एका सायकलीला उगाच हवा भरत बसलो.

पुढं वर्षभरात तो मिलिटरीच्या ट्रकांवर कामाला गेला. जाताना पाया पडला. मी आशीर्वाद दिला, पण ती गाडी त्यानं एकट्यानं दुरुस्त केली होती हे मालकांना मी कधीच सांगितलं नाही.