डावं-उजवं एकदम

मावशींचं म्हणणं असं, की आयुष्यभर कचेरीत टायपिंग केलेल्या बाईला बटणं कशी दाबायची हे कुणी शिकवू नये. त्यामुळे त्यांना कुणी शिकवायला गेलं नाही. पुढचं सगळं या सुखाचंच फळ.

निवृत्तीनंतर मावशींना मारामारीच्या व्हिडिओ गेमचं वेड लागलं. नवऱ्यानं बागकाम सुचवलं होतं. पण गेमचा दांडा, म्हणजे जॉयस्टिक, हलवून हलवून मनगट सुजलं, तेव्हा खेळणी दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या भाच्यानं त्यांच्यासाठी दांडाच नसलेली पेटी बनवायला घेतली. तिच्यात सगळी बटणंच. डावीकडे जायचं बटण, खाली बसायचं बटण, उजवीकडे जायचं बटण, अशी तीन, एका ओळीत. उडी मारायचं मोठं बटण खाली अंगठ्यापाशी. आणि उजव्या हाताला ठोसे आणि लाथा.

"उडीचं बटण खाली?" मावशी म्हणाल्या. "उडी वर मारतात, बाळा. कीबोर्डवरही वरचा बाण वरच असतो."

"मावशी, वर ठेवलं तर बसायचं बटण सोडून मधलं बोट वर न्यावं लागेल. अंगठा तर रिकामाच असतो."

"माझी बोटं मला ठाऊक आहेत."

भाच्यानं गपचूप वर भोक पाडलं. आठवडाभर मावशींचा पडद्यावरचा पैलवान उडी मारायच्या ऐवजी मार खात राहिला. मग एक दिवस पेटी परत आली. "तुझं भोक चुकलंय," असा निरोप होता. भाच्यानं बटण खाली नेलं, मोठ्या मनानं स्वतःची चूक मान्य केली आणि वरच्या भोकाला बूच लावलं.

राहिला प्रश्न डावं आणि उजवं एकदम दाबलं तर काय, याचा. दांड्याला हा पेच नसतो, तो एकाच बाजूला जातो. इथं मात्र दोन्ही बोटं मोकळी. "दोन्ही एकमेकांना रद्द करतील, असं ठेवू शकतो," भाचा म्हणाला, "नाहीतर जे नंतर दाबलं ते खरं. पण स्पर्धेत..."

"नंतरचं खरं ठेव," मावशींनी वाक्य तिथंच तोडलं.

त्यांना ते फारच सोयीचं पडलं. त्यांच्या पैलवानाला मागचं, म्हणजे डावं, बटण दाबून धरून दम साठवावा लागे, मग पुढचं, म्हणजे उजवं, बटण आणि ठोसा एकदम दाबला की तो सुसाट जाई. मावशी मागचं बोट उचलतच नसत. नंतर दाबलेलं पुढचं खरं ठरे. ते सोडलं की मागचं पुन्हा चालू, आणि दम पुन्हा साठायला सुरुवात. नवऱ्यापुढे त्या याला कौशल्य म्हणत.

मग क्लबची स्पर्धा आली. मावशींनी ऐटीत पेटी जोडली. पडद्यावर काहीच हललं नाही.

"यंत्र बिघडलंय तुमचं," त्यांनी पंचांना सांगितलं.

घरी संगणकावर त्या पेटी कीबोर्ड म्हणून वापरत. इथल्या यंत्राला कीबोर्डशी काही देणंघेणं नव्हतं. भाच्यानं केबल काढली, एक बटण दाबून धरलं आणि केबल परत खोचली. आता पेटी गेमपॅड म्हणून ओळखली गेली. मावशींनी यंत्राला माफ केलं.

पहिला डाव त्यांनी झटक्यात जिंकला. समोरचा खेळाडू, ज्याला सगळे तोफ म्हणत, तो पंचांकडे गेला. "यांचं मागचं बोट उठतच नाही. डावं-उजवं तपासा."

पंचांनी दोन्ही बटणं दाबली. पैलवान नंतर दाबलेल्या बटणाच्या दिशेनं चालू लागला. "आमच्या नियमात दोन्ही दाबली तर तो जागचा हलायला नको. हा डाव धरला जाणार नाही. सेटिंग बदला, नाहीतर बाहेर."

"हे मला कुणी सांगितलं नाही!" मावशी कडाडल्या. भाच्यानं छताकडे पाहिलं. छत सुंदर होतं.

सेटिंग बदललं. सामना नव्यानं सुरू झाला. मागचं बटण दाबलेलं, पुढचं आणि ठोसा एकदम. पैलवान जागच्या जागी उभा राहून हवेत साधा ठोसा मारू लागला. तोफेनं त्याला यथेच्छ धुतलं. मावशींचे कान लाल झाले. पेटी आदळून घरी जावं, असं फार वाटलं. पण हरलेल्यांच्या गटात एक सामना बाकी होता, आणि घरी नवरा बागकामाची पुस्तकं घेऊन बसला होता.

मावशी भाच्याजवळ येऊन बसल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "काय करू?"

हा प्रश्न भाच्यानं त्यांच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. "पुढचं दाबायच्या आधी मागचं सोडा," तो म्हणाला. "एवढंच."

मावशी बाकावर बोटं आपटत बसल्या: उचल, दाब. उचल, दाब. शेजारच्यांनी जागा बदलली.

पुढच्या सामन्यात पैलवान निम्म्या वेळा सुसाट गेला, निम्म्या वेळा हवेत ठोसे मारत राहिला. तेवढ्यावर त्या कशाबशा जिंकल्या. त्यानंतरच्या सामन्यात हरल्या, पण बोट उचलून हरल्या. तोफ हात मिळवायला आला आणि दम साठवायची युक्ती विचारू लागला. मावशींनी त्याला शेजारी बसवलं.

"आधी ऐकून घे," त्या म्हणाल्या, "मध्ये बोलायचं नाही."