शंभर ओहमच्या वर काहीतरी

धुळ्याच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला मी एकदा नापास झाले होते. वडिलांनी, म्हणजे आबांनी, आमच्या फैजपूरला स्पष्टच बजावलं, "या खेपेला निघालं तर ठीक, नाहीतर गपचूप घरी ये." घरी म्हणजे सोयरीक. मला ती एवढ्यात नको होती.

परीक्षेत आरएलसी सर्किट आलं. शंभर ओहमचा रेझिस्टर, कॉइल आणि कपॅसिटर, तिघं एकामागे एक जोडलेले. सूत्राने रेझोनन्स, म्हणजे करंट सगळ्यात जास्त असतो ती फ्रिक्वेन्सी, सोळाशे हर्ट्झच्या जरा अलीकडे; क्यू, म्हणजे त्या शिखराचा टोकदारपणा, दहा. फ्रिक्वेन्सी तर जुळली. पण ज्या दोन ठिकाणी करंट कमाल करंटच्या एकाहत्तर टक्क्यांवर उतरतो, त्यांच्यातलं अंतर, म्हणजे बँडविड्थ, एकशे साठ यायला हवी होती, ती अडीचशेच्या वर गेली. क्यू जेमतेम सव्वासहा.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुजबुजली, "अगं, रीडिंग बसवून टाक. सगळे बसवतात."

बसवायचेच. आधी उत्तर, मग रीडिंग, ही आमच्या लॅबची रीतच होती. मला राग आला. मीटर समोर धडधडीत दाखवतोय आणि मी त्यालाच खोटं पाडू?

इम्पिडन्स, म्हणजे सर्किटचा एकूण अडथळा, पुन्हा मांडला. खरा भाग रोध. काल्पनिक भागात कॉइल एका बाजूला ओढते, कपॅसिटर दुसऱ्या. रेझोनन्सला ते दोघं एकमेकांना खोडतात आणि उरतो नुसता रोध. मग दिलेला एक व्होल्ट सगळाच्या सगळा शंभर ओहमवर मिळायला हवा. मिळत होता पॉइंट सहा दोन. उरलेला कोण खातंय? सर्किटमध्ये अजून होतं काय, ती मेली कॉइल!

सगळं सोडवून मल्टिमीटर कॉइलला लावला. साठ ओहम. नुसत्या तांब्याच्या तारेचे. शंभरऐवजी एकशे साठ घातले आणि क्यू सव्वासहा, बँडविड्थ दोनशे पंचावन्न, चोख उतरलं.

बाहेरून आलेले परीक्षक कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बाकी सगळ्यांचा क्यू दहा आहे. तुझाच कसा कमी?"

मी म्हटलं, "सर, कॉइलचा रोध त्यांनी धरलाच नाहीये. कुठलीही कॉइल मोजा."

त्यांनी मैत्रिणीची कॉइल मोजली, मग पलीकडची. दोन्ही साठच्या आसपास. मग माझ्या उत्तरपत्रिकेवर सही करून मोठ्याने म्हणाले, "हिचं बरोबर आहे, हिने जावं. बाकीच्यांनी पुन्हा रीडिंग घ्या. आणि या वेळी खरोखर घ्या."

मैत्रीण माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत होती. मला तिची जराही दया आली नाही. मी सँडल घातल्या आणि बाहेर पडले. पुढच्या वर्षासाठी धुळ्यातली खोली आताच बघून ठेवायला हवी होती.