शोभाताईंची पान बावन्नवरची बाकी

शोभाताई दुकानाची पायरी चढल्या त्याच तणतणत. हातात मोबाइल, मोबाइलवर माझाच मेसेज.

"काहून वं चारू, एकतीसशे साठ कुठून काढले तू माझ्याकडे?"

मीही काही कमी नाही. म्हटलं, "वहीतूनच काढलेत. बाबांच्याच हातचं आहे."

बाबा म्हणजे माझे सासरे, वामनराव. महाल वस्तीतल्या या किराणा दुकानात चाळीस वर्षं उधारीची वही त्यांनी एकट्यानं लिहिली. दोन महिन्यांपूर्वी ते गेले आणि वही माझ्या गळ्यात पडली. ठोक व्यापारी म्हणे आधीचे पैसे द्या, मग तेल. मी हट्टाला पेटले. आठवडाभर बसून प्रत्येक गिऱ्हाइकाची पानं शोधली, उजवीकडचे नावे टाकलेले, म्हणजे उधार नेलेल्या सामानाचे, आकडे मोबाइलमध्ये भरले, डावीकडची जमा वजा केली. अडतीस गिऱ्हाइकं, येणं एक लाख बारा हजार. मी खूश! पहिला मेसेज शोभाताईंना गेला. बाकीचे सदतीस तयारच होते, संध्याकाळी धाडायचे.

शोभाताईंना सारा महाल ओळखतो. नवरा गेल्यावर डबे सुरू केले, आज कॉलेजच्या चौदा पोरांना जेवू घालतात. पोरं पैसे देतील तसे त्या आमचे देतात, कधी पाचशे, कधी हजार. त्याशिवाय अकरा वर्षं बचत गटाचा हिशेब त्यांच्याकडे आहे. बाया तिथं रुपयासाठी भांडतात, पण शोभाताईंच्या आकड्यावर कोणी बोट ठेवत नाही.

"आण इकडे ते वही," म्हणाल्या आणि तांदळाच्या पोत्यावर बसल्याच.

"हे पाह्य पान चौदा. सामान एकवीसशे वीसचं, जमा हजार. राहिले किती?"

"अकराशे वीस."

"पान भरलं, म्हणून तुह्या सासऱ्यानं पान एकतीसवर माझं नाव पुन्हा लिहिलं. आता वरची पहिली ओळ वाच."

"मागील बाकी, अकराशे वीस."

"मंग? चौदाव्या पानाचं सामान तू धरलंच होतं. वरून हे अकराशे वीसही धरले. एकच तेल दोनदा विकून राहिली का तू मले?"

माझं तोंड उतरलं. पान भरलं की बाबा बाकी पुढच्या रिकाम्या पानावर नेत, आणि ती उजवीकडेच लिहीत. मी तिला नवीन सामान समजून मोजलं होतं. ज्याची पानं जास्त, त्याची उधारी तितकी फुगलेली. सुमतीबाईंची तर पाच पानं होती! ते सदतीस मेसेज गेले असते तर या पायरीवर कुत्रंसुद्धा फिरकलं नसतं. मी घाईघाईनं सगळे पुसले.

"आता रडू नको बापा. चहा ठेव," शोभाताई म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस दुपारी त्या डबे पोचवून आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. एकेका गिऱ्हाइकाची पानं क्रमानं लावायची, मागची बाकी सोडून फक्त सामान जोडायचं, सगळी जमा वजा करायची आणि येणारा आकडा बाबांच्या शेवटच्या बाकीशी ताडायचा. सदतीस खाती जुळली. मी म्हटलं, आता तुमचं. तर म्हणाल्या, "माझं तूच कर."

मी आधी शेवटचं पान उघडलं, बावन्न. बाबांनी तळाशी बाकी लिहिली होती, सहाशे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहाशेच्या बाईकडे मी एकतीसशे साठ मागितले!

"माफ करा हो शोभाताई. सहाशेच आहेत."

"जोडलं का तू?"

"बाबांनीच लिहिलंय ना."

"जोड म्हणतो ना तुले!"

जोडलं. तिन्ही पानांचं सामान चार हजार, जमा चोवीसशे. बाकी सोळाशे. पुन्हा जोडलं, पुन्हा सोळाशेच. पान एकतीस उलटून पाहिलं. तळाशी बाकी चौदाशे चाळीस, आणि पान बावन्नच्या माथ्यावर मागील बाकी नुसती चारशे चाळीस. शेवटच्या आजारपणात बाबांच्या हातून हजार गळले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी दिसलं. पण म्हटलं, स्वतः जोडलं तर शिकशील."

सगळ्यांची मिळून खरी उधारी अठ्ठावन्न हजार भरली. व्यापाऱ्याला निम्मे देऊन मुदत मागावी लागली. पण त्या बाईचे उपकार मी कोणत्या तोंडानं सांगू? दुकान वाचलं ते तिच्यामुळे.

त्याच दुपारी शोभाताईंनी पदराच्या गाठीतून सहाशे काढून माझ्या हातावर ठेवले आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"डावीकडे जमा सहाशे लिही. खाली बाकी एक हजार. अन् या खेपेला नीट लिहिजो."

मला अक्षर दिसेना, इतके डोळे भरले होते. त्या उठल्या नाहीत. मी हजार लिहीपर्यंत तशाच बसून राहिल्या.