नाव घ्यायचं राहिलं

बुधवारा भागातल्या शारदाबाईंचे यजमान वारले, पण त्यांच्या जिमची मेंबरशिप काही मरेना. दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कापले जात. बाईंनी ती रद्द करायला जिमला पत्र लिहिलं. त्यात नवऱ्याचं नाव लिहिलं, हाताला कसली लाज? उत्तर आलं: रद्द फक्त फोनवर होईल.

फोनवरची मुलगी म्हणाली, "मेंबर का नाम बोलिए."

ते नाव बाईंनी लग्नातल्या उखाण्यात घेतलेलं. पुढे जन्मभर "अहो"वर भागलं.

"पत्रात आहे की."

"बोलना पड़ेगा, माताजी."

"दिगंबर," त्या पुटपुटल्या.

"हो गया बंद."

फोन ठेवून बाईंनी रिकाम्या घरात पुन्हा ते नाव घेतलं. ओ आली नाही, तेव्हा सवयीने "अहो" म्हणून पाहिलं.